चार वाजताची मोजणी

एक गोष्ट आधीच सांगते. बिलं जपून ठेवायची सवय धाकटीला मीच लावली. नसती लावली तर आजही मी तिच्या गळ्यात गळा घालून बसले असते.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मी एका ऑफिसच्या कँटीनमध्ये एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. दुसऱ्यांच्या मेनूवर भांडी आपटून कंटाळले आणि ठरवलं, आता आपला कॅफे. नोकरीचा राजीनामा दिला, नोटिशीचा शेवटचा महिना सुरू झाला. धाकटी म्हणाली, "ताई, मी आहे ना तुझ्याबरोबर!" मला काय हो, आभाळच ठेंगणं झालं.

दलालाने दोन गाळे दाखवले. एक हॉस्पिटलच्या गेटसमोर, दुसरा कॉलेजच्या गल्लीत. मी म्हटलं, मनाचे मांडे खायचे नाहीत. आधी रस्त्यावर उभं राहायचं, कोण जातंय ते मोजायचं, मग ठरवायचं की कॅफे कुणासाठी आणि कसला. दर तासाची पहिली पंधरा मिनिटं मोजायची आणि चारने गुणायचं. वहीत रकाने पाडले: बायका, पुरुष, म्हातारी माणसं, मुलं बरोबर असलेले, हातात चहाचा कप किंवा पार्सल असलेले. हातातला कप महत्त्वाचा. कप घेऊन जाणाऱ्याला बसायला जागा मिळालेली नसते.

माझी कँटीनची पाळी दुपारी बाराला सुरू व्हायची, म्हणून सकाळी गेटवर मी. सकाळी कॉलेजची गल्ली आणि दुपारी गेट धाकटीकडे. शिवाय आसपासच्या पाच दुकानांची पाहणीही तिच्याकडेच. खुर्च्या किती, भरलेल्या किती, माणूस किती वेळ बसतो, कॉफी केवढ्याला, सगळं लिहायचं. आणि प्रत्येक ठिकाणचं बिल आणायचं. उघडताना एक, बंद होताना एक. दोन बिलांच्या नंबरांतला फरक काढला की दुकानात दिवसाला किती बिलं फाटतात ते कळतं, मालकाला विचारावं लागत नाही. "बिल फेकलंस तर बघ," असं मी तिला दहादा बजावलं होतं.

सकाळच्या मोजणीत मला माझं गिऱ्हाईक सापडलं. पेशंटचे नातेवाईक! रात्रभर बाकावर अवघडलेले, डॉक्टर कधी बोलावतील याची वाट बघणारे. टपरीवर उभं राहून चहा प्यायचे आणि परत आत. जवळच एक काचांचा चकाचक कॅफे होता, त्याच्या मालकाला आम्ही काचवाला म्हणायचो. तो दहाला उघडायचा, तोवर या लोकांची निम्मी सकाळ उपाशी गेलेली असायची. मी वहीत लिहिलं: सकाळी साडेसहाला उघडायचं. गरम सूप, मऊ पोळी, पचायला हलकं. फोन चार्ज करायची सोय. खुर्च्यांना हात हवेत, म्हाताऱ्या माणसांना उठताना धरायला. ते वाक्य लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

पण धाकटीचे दुपारचे आकडे आले आणि माझा फुगा फुटला. चार ते सव्वाचार, गेटसमोर एकतीस माणसं! दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस! मी म्हटलं, "अगं, चार ते सहा तर भेटायची वेळ असते." ती म्हणाली, "ताई, सगळे मागच्या गेटने जातात. पार्किंग तिकडे आहे." एकट्या सकाळच्या धंद्यावर भाडं निघणार नव्हतं. उलट कॉलेजच्या गल्लीत तिचा आकडा होता पंधरा मिनिटांत दोनशेच्या वर. मी बुधवारी रात्री दलालाला कळवून टाकलं, गेटचा गाळा नको, कॉलेजचा घेते. सूप गेलं, हातांच्या खुर्च्या गेल्या. आता कोल्ड कॉफी आणि लॅपटॉपवाली पोरं. शनिवारी सही होती.

शुक्रवारी सकाळी पाहणीचा तक्ता पुरा करायला मी धाकटीने दिलेलं बिलांचं पाकीट उपडं केलं. काचवाल्याची बिलं वेळेप्रमाणे लावत गेले. सोमवार, चार वाजून तीन मिनिटं. मंगळवार, चार सात. बुधवार, चार बारा. मी थबकले. या वेळी तर ही गेटवर मोजत होती ना? तिची मोजणीची वही उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, चार ते सव्वाचार, नीट सुवाच्य अक्षरात आकडे. बाई एकाच वेळी दोन ठिकाणी?

बिल पुन्हा वाचलं. दोन कॉफी. सूट शंभर टक्के, मालकाचे पाहुणे. एकूण शून्य. तिन्ही बिलांवर तेच.

तरी मन मानेना. असेल काही, म्हटलं, माझी धाकटी आहे ती. कँटीनमध्ये सुट्टी मागितली आणि चारच्या ठोक्याला स्वतः गेटसमोर उभी राहिले. पंधरा मिनिटांत एकशे सत्तेचाळीस. डबे, पिशव्या, पोरांचे हात धरलेल्या बाया. चाळीसेक जणांच्या हातात कप. मागच्या गेटपाशी गेले तर तिथे कुलूप, आणि कुलपावर गंज. वॉचमन म्हणाला, "हे? हे दोन वर्षं बंद आहे की, बाई."

तशीच तरातरा परत आले. गेटसमोरच्या, मी नको म्हटलेल्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले. काचवाला सुताराशी बोलत होता, आणि फीत धरून भिंत मोजत होती माझी बहीण. कोपऱ्यात नव्या खुर्च्यांची चळत होती. प्रत्येक खुर्चीला हात होते.

"ताई!" तिच्या हातातली फीत सुटली.

"काय गं, कुणाला मोजतेस?" मी विचारलं.

काचवाला पुढे आला. "ताई, बसा ना. शांतपणे बोलू."

"तू गप रे! तुझ्याशी माझं नातं नाही, तू परका आहेस. मला हिच्याशी बोलायचंय."

धाकटी खाली बघत म्हणाली, "तो मला भागीदार करतोय. तू काय केलं असतंस? ताई सांगेल ते धाकटी करेल. आयुष्यभर तेच. आणि तुझ्या हातून गेटचा गाळा सुटल्याशिवाय त्याला मिळाला नसता."

"मागितला असतास तर दिला असता मी. सूप, खुर्च्या, सगळं दिलं असतं. तोंड उघडून मागायचंस तरी!"

अजून एक प्रश्न राहिला होता. तो विचारायची मला भीती वाटत होती.

"कॉलेजच्या गल्लीतले दोनशे," मी म्हटलं, "ते तरी खरे होते का?"

ती जमिनीवरची फीत गुंडाळू लागली.

"उद्या सही आहे माझी. नोकरी सोडलीय मी. बोल! मोजलेस का दोनशे?"

"एकदा गेले होते," ती पुटपुटली. "परीक्षा संपली होती गं. फारसं कुणी नव्हतं."

गेटचा गाळा तिला हवा होता, ते एक वेळ मी गिळलं असतं. पण तिने मला एका ओस गल्लीत पाठवलं होतं, आणि मी बुडणार हे तिला ठाऊक होतं.

मी बाहेर पडले आणि तिथूनच दलालाला फोन करून उद्याची सही रद्द केली. रस्त्यावर गर्दी होती, भेटायची वेळ अजून संपली नव्हती. सवयीने मी मोजायला लागले आणि तेराला अडखळले. धाकटी तीन वर्षांची असताना मी वाटाणे सोलत तिला आकडे शिकवायचे, एकेक दाणा तिच्या तळहातावर ठेवून. तेरा आला की ती चुकायची. मी हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.