हातातला फोन वाजला तर आत

दिवसभर लोकांच्या किल्ल्यांच्या नकला काढून पोट भरणाऱ्या माणसालाच गल्लीने नकली पास पकडायला बसवलं, यावर सगळी गल्ली हसून घेत होती. किल्लीवाले काका स्वतःही हसत. बायको गेल्यापासून त्यांचं हसणं ओठांच्या वर कधी चढलं नव्हतं, पण ते बघायला कुणाला वेळ होता?

गल्लीची नाचाची संध्याकाळ वर्षातून एकदाच होई, मागच्या मैदानावर मांडव घालून, जेवणासकट. गेल्या वर्षी तिची पार शोभा झाली. पास गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, ते लोकांनी मेव्हण्यांना, मित्रांना, मित्रांच्या मित्रांना पुढे पाठवले. पास यंत्रापुढे धरला की पहिल्यांदा हिरवा दिवा, तोच पास दुसऱ्यांदा आला की लाल. यंत्राला काय, जो आधी आला तो खरा. परकी पोरं आत हिरव्या दिव्याने गेली आणि दूधवाल्याची सख्खी आई दारात लाल झाली. बिचारी नवं लुगडं नेसून घरी परत गेली. दूधवाला अजून तो विषय निघाला की दुधात पाणी घालतो म्हणतात.

या वर्षी शाळेच्या बाई अध्यक्ष होत्या. त्यांनी काकांच्या दुकानात बसून नियम करून घेतले. आधी ग्रुपवर मतदान: येणार असाल तर खूण करा. एका नंबरला एका माणसाचा पास, लहान मुलं आईबापांच्या हाताला धरून. पास ग्रुपवर पडायचा नाही, ज्याचा त्याला वेगळा जायचा. आणि शेवटचा नियम काकांच्या डोक्यातून निघाला.

"दारात अनोळखी चेहरा दिसला की पास कुणाच्या नावावर आहे ते बघायचं आणि त्या नंबरला रिंग द्यायची," काका म्हणाले. "समोरच्याच्या हातातला फोन वाजला तर आत. नाही वाजला तर रामराम. किल्ली कुलपाला लागते की नाही, हे फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या. "आणि त्याआधी ग्रुप साफ करा. गल्ली सोडून गेलेले, भाडेकरू, कोण कुठले, सगळे बाहेर."

काकांनी ग्रुप साफ केला. बदली होऊन गेलेला बँकवाला काढला, घर विकून गेलेली जोडी काढली, कुणी घेतलं हेच आठवत नव्हतं असे तिघं काढले. एका नावाशी बोट आलं आणि पुढे सरकलं. ते नाव होतं 'घर'. बायकोचा नंबर त्यांनी फोन घेतला त्या दिवशी असा साठवला होता, आणि त्यावरून तिने त्यांना जन्मभर चिडवलं होतं. घरातून बोलतेय, अंगणातून नाही, असं म्हणायची.

ती हिवाळ्यात गेली. तिचा फोन कपाटाच्या खणात पडला आणि नंबरात पैसे भरायचं काकांना सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे सुचू दिलं नाही. पण एक सवय सुटेना. दुकानातून दुपारी तिला 'जेवलो' असं लिहून पाठवायचं. तिचा दंडकच होता तो. संदेश गेला नाही तर डबा कुत्र्याला घातला असं समजून ती दुकानात येऊन उभी राही. आता त्या रिकाम्या नंबरावर काका रोज 'जेवलो' पाठवत. पलीकडे एकच खूण उमटे. पाठवलं, पोचलं नाही. तेवढंही त्यांना पुरत होतं.

उन्हाळा संपता संपता एका दुपारी त्या 'जेवलो'पुढे दोन खुणा उमटल्या. मग त्या निळ्या झाल्या.

काकांच्या हातातली कानस खाली पडली. त्यांनी दुकान उघडं टाकलं, घरी जाऊन खण उघडला. फोन जागच्या जागी, थंडगार. चार्जिंगला लावला तर उजळला, पण सिम बंद असल्याचं सांगून गप्प बसला. तिचा फोटोही नंबरासमोरून गेला होता, तिथे नुसतं करडं वर्तुळ होतं. आणि तरीही दुसऱ्या दिवशीचं 'जेवलो' वाचलं गेलं. तिसऱ्या दिवशीचंही. एकदा तर नावाखाली 'टाइप करत आहे' असं आलं. काका फोन दोन्ही हातांत धरून बसले. अक्षरं आली तशी गेली, उत्तर आलं नाही.

फोनच्या दुकानात जाऊन विचारलं असतं तर कुणीही दोन शब्दांत समजावलं असतं. काकांना ते ठाऊक होतं, म्हणूनच ते त्या दुकानासमोरचा रस्ता टाळू लागले. विचारलं की उत्तर मिळतं. घरात रात्री भांडं वाजलं तरी ते आता दिवा लावत नसत. असेल ती, म्हणत आणि कूस बदलत. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला, पण ती भीती गेली तर मागे काहीच उरणार नाही याची भीती त्याहून मोठी होती.

मतदान संपल्यावर छापखानेवाला मोजणीला आला. पास त्याच्याकडे तयार होणार होते. काकांचा तो जुना दोस्त, एरवी तोंडाला कुलूप नसलेला. खुणा बघता बघता त्याने बोलणं अर्ध्यावर सोडून फोन काकांपुढे धरला.

"दादा," तो म्हणाला, "वहिनींच्या नंबरवरून खूण आलीय. येणार म्हणून."

काकांनी मान वर केली नाही. ते कानशीने किल्ली घासत राहिले. घासून घासून तिचे दात पार गेले.

"दादा, ऐकलंत ना? माझ्या अंगावर काटा आलाय. काढून टाकू?"

"राहू दे."

"अहो, बाईंचा नियम..."

"पास बनव," काका म्हणाले. "नियम मीच केलाय."

पास पाठवायचं काम काकांचंच होतं. एकेकाला वेगळा पाठवत ते 'घर'पाशी आले. पासवर त्यांच्याच घराचा क्रमांक होता. पाठवला. दोन खुणा, निळ्या. पुन्हा ते 'टाइप करत आहे', पुन्हा काही नाही.

नाचाच्या संध्याकाळी काकांनी बायकोने निवडलेला शर्ट घातला. ती मांडवात सगळ्यात आधी उतरे आणि काका कडेला तिची पर्स धरून उभे राहत. त्यावरून पोरं थट्टा करत, पर्सवाले काका म्हणत. आज ते मैदानाच्या दारात टेबलाशी बसले होते आणि हात मोकळे असल्याचं त्यांना सारखं जाणवत होतं.

नियम चोख चालला. एक झुलपांवाला पोरगा इस्त्रीवाल्याचा साला म्हणवत ऐटीत पास घेऊन आला. काकांनी रिंग दिली, आणि फोन वाजला तो मांडवाच्या आत, मांडव घालायला सकाळपासून आतच असलेल्या आणि आता नाचणाऱ्या इस्त्रीवाल्याच्या खिशात. इस्त्रीवाला तसाच नाचत दारापर्यंत आला, पोराला बघून म्हणाला, "हा माझा साला नाही, मी ओळखत नाही," आणि नाचत परत गेला. रांगेत हशा पिकला. दूधवाल्याची आई या वेळी पहिल्याच फटक्यात हिरव्या दिव्याने आत गेली, तेव्हा शाळेच्या बाईंनी स्वतः टाळ्या वाजवल्या.

काकांचं लक्ष मात्र रस्त्याकडे होतं. दिव्यांच्या उजेडापलीकडून कुणी चालत आलं की ते खुर्चीतून अर्धे उठत. ती आली तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. आली नाही तर काय, हेही नाही.

मग एक मुलगी समोर उभी राहिली. पंचविशीची असेल. साधा ड्रेस, पायात दवाखान्यातले पांढरे बूट, बहुधा कामावरून थेट आलेली. तिने पास पुढे केला. छापखानेवाल्याने यंत्र धरलं. हिरवा दिवा. पडद्यावरचा घराचा क्रमांक वाचून त्याने काकांकडे पाहिलं आणि यंत्र टेबलावर ठेवून दिलं.

"ही आपल्यातली नाही," बाई म्हणाल्या. "किल्लीवाले, रिंग द्या."

काकांनी फोन उचलला. हिवाळ्यापासून त्यांनी त्या नंबरला रोज लिहिलं होतं, पण रिंग एकदाही दिली नव्हती. 'घर'वर बोट ठेवायला त्यांना फार वेळ लागला. मागे रांग कुरकुरू लागली.

मुलीच्या हातातला फोन वाजला.

काकांना तो कसाबसा दिसला. पडद्यावर त्यांचा नंबर होता आणि त्यावर नाव होतं, 'जेवलेले काका'.

"मी नवीन सिम घेतलं," मुलगी घाईने बोलू लागली. "मला हाच नंबर मिळाला. फोन चालू केला तर मी आधीच तुमच्या ग्रुपमध्ये होते. पाणी कधी येणार, कुणाचं मांजर हरवलंय, सगळं यायचं. मला या गावात कुणी ओळखत नाही, म्हणून ग्रुपमधून बाहेर पडावंसं वाटेना. आणि तुमचं 'जेवलो' रोज दुपारी यायचं. आधी कळेना. मग ग्रुपवर कुणीतरी श्रद्धांजलीच्या जुन्या मेसेजला उत्तर दिलं, तेव्हा कळलं हा नंबर कुणाचा होता. मी कितीदा लिहायला घेतलं, काका. काय लिहिणार? लिहिलं तर तुम्ही पाठवणं बंद केलं असतं."

मांडवातलं गाणं तेवढं चालू होतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "मी जाते. हा नंबरही सोडते, तुम्हाला परत घेता येईल."

नियम बाईंना तोंडपाठ होता, पण तो इथे कुठे बसतो ते त्यांना कळेना.

काकांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. इतके महिने खुणा निळ्या होत होत्या, भांडी वाजत होती, आणि पलीकडे पांढऱ्या बुटांतली एक पोर एकटी बसून ते वाचत होती. बायको आता खरोखर गेली होती. हिवाळ्यात गेली नव्हती इतकी.

"फोन वाजला," काका म्हणाले. "वाजला तर आत. नियम आहे."

"काका, पण..."

"नंबर सोडू नकोस. पैसे भरत जा त्यात. पडून राहिला की जातो."

मुलीने मान हलवली. आत जायला पाऊल उचललं आणि थांबली. इतके दिवस जे लिहिता आलं नव्हतं ते तिने विचारून टाकलं.

"आज दुपारी काही आलं नाही तुमचं. जेवलात का?"

काकांनी सवयीने हो म्हणायला तोंड उघडलं. हिवाळ्यापासून कितीतरी दुपारी डबा न उघडता त्यांनी ते लिहिलं होतं. दुकानात येऊन बघणारं कुणी नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "जेवलो नाही."

मुलगी नाचायला गेलीच नाही. तिने खांद्यावरची पर्स काढून त्यांच्या हातात दिली, आणि ताट आणायला कुठल्या बाजूला जायचं ते बाईंना विचारलं.