बोट तीनदा वर गेलं

ज्या वर्षी आमच्या नातीला पहिला दात आला, त्याच वर्षी टेकडीवरचा मनोरा वाजायला लागला. दात खालचा होता, आणि त्या आठवड्यात घरात कोणालाच धड झोप नव्हती.

मनोरा म्हणजे रेडिओचा लोखंडी खांब, साठ मीटर उंच. तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. तीन बाजूंनी जाड तारा त्याला ताणून धरतात, आणि प्रत्येक बाजूच्या तारा खाली एका सिमेंटच्या ठोकळ्यात रुतवलेल्या लोखंडी सळईला बांधलेल्या असतात. त्या खांबावर मी बावीस वर्षं चढलो. गुडघ्याने दगा दिला तेव्हा कंपनीने मला फाटकावर राखणदार म्हणून बसवलं आणि माझ्या जागी माझा मुलगा चढू लागला. त्याचा जोडीदार लंबू. नाव लंबू, उंची सव्वापाच फूट.

सोमवारी संध्याकाळी मी पश्चिमेच्या ठोकळ्यापाशी उभा होतो. वाऱ्याचा झोत आला आणि जमिनीतून आवाज आला. टक्. मग बारीक कर्र. वारा थांबला, आवाज थांबला. पुन्हा झोत, पुन्हा टक्. वाकून पाहिलं तर सळई वरून ठणठणीत, रंगसुद्धा शाबूत. पण सळई सिमेंटच्या आत गंजते, तिथे डोळा पोचत नाही.

घरी सांगितलं. मुलगा जेवता जेवता हसला. "बाबा, तुम्हाला तर पंख्यातसुद्धा आवाज ऐकू येतो."

लंबू आमच्याकडेच बसला होता. म्हणाला, "काका, मनोऱ्याला सर्दी झाली असेल. वाफ द्या."

"बुधवारी तुम्ही चढणार ना?" मी विचारलं.

"चढणारच. वरचा लाल दिवा गेलाय. विमानवाल्यांनी दोनदा पत्र पाठवलंय, मुकादम डोकं खातोय."

काम थांबवायचा हक्क एकट्या इंजिनिअर बाईंना. त्या दुसऱ्या शहरात. मंगळवारी सकाळी फोन लावला. त्या चांगल्या होत्या, ऐकून घेणाऱ्या. म्हणाल्या, "काका, तुमच्या सांगण्यावरून मी काम थांबवलं तर मला वर उत्तर द्यावं लागतं. व्हिडिओ पाठवा. मला तो आवाज माझ्या कानांनी ऐकू दे. ऐकू आला तर त्याच मिनिटाला थांबवते."

व्हिडिओ काढणं सुनेचं काम. ती रोपवाटिकेत कामाला आहे आणि रोपं विकायला उघड्या माळावर उभी राहून व्हिडिओ करते. दुपारी आम्ही टेकडीवर गेलो. तिने फोन धरला, मी ठोकळ्याकडे बोट दाखवलं, झोत आला, टक् झालं. लगेच लावून पाहिलं. फोनमधून फक्त घरघर आली. कोणीतरी कानात पिठाची गिरणी चालवत असल्यासारखी.

"वारा माइकच्या भोकावर सरळ आपटतोय, बाबा," सून म्हणाली. "माझ्या पहिल्या व्हिडिओत असंच व्हायचं. झेंडूचं रोप वादळात बोलतंय असं वाटायचं."

म्हणजे पेच असा होता. वारा असला तरच सळई वाजणार, आणि वारा असला की फोन बहिरा होणार.

"थांबा, मी एक बटण चालू ठेवते नेहमी. आज बंद राहिलं वाटतं." तिने फोनमध्ये काहीतरी सरकवलं. "आणि तुम्ही असं करा, आवाज झाला की बोट वर करा. बाईंना कळेल कुठे लक्ष द्यायचं."

दुसऱ्यांदा काढलं. ती बोलली, "हा पश्चिमेचा ठोकळा, नीट ऐका," आणि मग गप्प राहिली. मी तीनदा टक् ऐकलं आणि तीनदा बोट वर केलं. तिने फोन कानाला लावला, खूश झाली. "बघा, किती स्वच्छ! वारा नाहीच." मी स्वतः काही तो लावून ऐकला नाही. तेवढ्यात मुकादमाने फाटकावरून हाक मारली आणि मी गेलो. आयुष्यात मी कितीतरी चुका केल्या, पण तेव्हा फाटकाकडे वळलो ही चूक मला अजून सोडत नाही.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "काका, अगदी स्पष्ट व्हिडिओ आहे. सूनबाईचा आवाज छान येतो. पण टक् वगैरे काही नाही हो. वारा जास्त असेल तर चढू नका, बाकी काम करा."

मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं समाधान?"

बुधवारी दोघं सकाळीच गेले. माझी पाळी दुपारची होती. मी नातीला मांडीवर घेऊन बसलो होतो, सून तिला टोपी घालत होती. केसाळ टोपी, अस्वलाच्या पिल्लासारखी. मी म्हणालो, "तो व्हिडिओ मला दाखव एकदा."

तिने लावून दिला. तिचा आवाज आला, स्वच्छ, जणू बंद खोलीत बोलतेय. मग शांतता. त्या शांततेत पडद्यावर माझं बोट वर गेलं. आवाज नाही. पुन्हा बोट वर. आवाज नाही. तिसऱ्यांदा.

"अगं, मी बोट वर केलं तेव्हा आवाज होता. तू नाही ऐकलास?"

"ऐकला ना," ती म्हणाली आणि तिथेच थांबली. "मी ऐकला होता, बाबा."

"मग तो गेला कुठे?"

फोन मी हातात घेतला. मला अक्षरं अठ्ठावन्नाव्या वर्षी आली, त्यामुळे मी भराभर वाचू शकत नाही, बोटाखाली एकेक शब्द धरत जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गेलो. ती सरकवत होती ते बटण सापडलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. 'बोलणे ठळक करा. वारा व पार्श्वभूमीतील इतर आवाज काढून टाका.'

"इतर आवाज," मी मोठ्याने वाचलं.

फोनने माणसाचं बोलणं ठेवलं होतं आणि बाकी सगळं कचरा समजून झाडून टाकलं होतं. वाऱ्याबरोबर सळईसुद्धा.

मुलाला फोन लावला. उचलला नाही. चढताना त्यांचे फोन खाली डब्यात असतात. बाईंना नुसतं सांगून भागणार नव्हतं, त्यांना आवाजच ऐकवायला हवा होता. आमच्या हिने नातीला घेतलं, आणि सुनेने जाता जाता तिच्या डोक्यावरची टोपी काढली. का ते मी विचारलं नाही.

टेकडी पंधरा मिनिटांची. माझ्या गुडघ्याने ती कशी चढलो ते देवाला ठाऊक. वर पोचलो तेव्हा मुलगा खांबाच्या मध्यावर होता आणि लंबू शेंड्याजवळ, मुंगीएवढा. वारा चढत्या उन्हाबरोबर वाढत होता. मुकादम खाली वॉकीटॉकी धरून उभा.

"उतरव त्यांना!" मी ओरडलो.

"काका, बाईंनी काल हो म्हटलंय. तुमच्या भीतीवर मी काम अडवू? बाईंचा फोन येऊ दे, लगेच उतरवतो."

त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवला नाही. आम्ही पश्चिमेच्या ठोकळ्याकडे धावलो. टक्. आता झोताची वाट पाहावी लागत नव्हती.

सुनेने आधी ते बटण बंद केलं आणि मला दाखवलं. मग फोन सबंध टोपीत घातला. "केसांत वारा अडकतो, भोकापर्यंत जोर पोचत नाही," ती धापा टाकत म्हणाली. कान बांधायच्या नाडीचं भोक होतं, त्याच्यासमोर तिने कॅमेऱ्याची काच आणली. टोपी घट्ट आवळली नाही, माइकची भोकं दाबली तर आवाजही दबतो म्हणे. मग वाऱ्याकडे पाठ करून ती उकिडवी बसली, फोन स्वतःच्या छातीच्या आडोशाला धरला, खालची बाजू वाऱ्याच्या उलट, सळईपासून हातभर अंतरावर. "जवळ गेलं की आवाज मोठा येतो आणि वारा मागे राहतो. तुम्ही माझ्या मागे उभे राहा, शालीने आडोसा करा. आणि बाबा, एक शब्द बोलू नका."

मी शाल पसरून उभा राहिलो. तोंडासमोर ती तार, आकाशात मुलगा, त्याच्या वर लंबू. झोत आला. टक्. कर्र. टक्. शाल फडफडायला लागली तशी मी ती पोटाशी धरली. सुनेने फोन हलू दिला नाही. मिनिटभर काढलं.

टोपीतच फोन ठेवून तिने व्हिडिओ लावला. खोल कुठेतरी वारा सुस्कारत होता, आणि त्याच्यावर स्वच्छ, हाड मोडावं तसं, टक्. तिने तो पाठवला. खाली बोलून पाठवलं, "बाई, कालचा व्हिडिओ चुकीचा होता. फोनने आवाज पुसला होता. हा ऐका. माणसं वर आहेत."

दोन निळ्या खुणा उमटेपर्यंत मी पडद्याकडे बघत राहिलो. फोन लगेच वाजला.

"तुम्ही कुठे उभे आहात?" बाई जवळजवळ किंचाळल्या.

"ठोकळ्यापाशी."

"आधी तिथून लांब व्हा! मुकादमाला फोन द्या."

मुकादमाने ऐकलं. त्याचा आवाज बदलला. वॉकीटॉकीत तो म्हणाला, "दोघं खाली या. सामान सोडा. आत्ता."

वॉकीटॉकीतून लंबूचा आवाज आला. "अरे, दिवा अर्धा लागलाय! काकांची सर्दी मला लागली की काय?"

"लंबू, ये म्हणतो ना!"

"आलो, आलो. वहिनींना सांगा चहा टाकायला."

घाईने उतरता येत नाही. प्रत्येक पायरीला पट्ट्याचा हुक काढायचा, खाली लावायचा, मग पाय. घाई केली तर हुकाशिवाय हात सुटतो. मी हे त्या दोघांना स्वतः शिकवलं होतं, आणि आता मनात म्हणत होतो, सोडा हुक, उड्या मारा. मुलगा उतरत होता. टक्. सून मोठ्याने पायऱ्या मोजत होती, नंतर तिचं मोजणं थांबलं. मुलाचे पाय जमिनीला लागले, तो आमच्या बाजूला धावत आला आणि वळून वर बघू लागला. लंबू तेव्हा मध्याच्या खाली आला होता. इथून त्याचे बूट दिसत होते.

मग टक् झालं नाही. पश्चिमेचा ठोकळा काही न बोलता सळई सोडून बसला. तार सापासारखी वर गेली, आणि खांब पूर्वेला वाकला, हळू, जसा माणूस खुर्चीत टेकतो तसा, आणि मग हळू नाही.

चौकशी झाली. सळई सिमेंटच्या आत गंजून बोटाएवढी जाड उरली होती. चौकशीवाल्यांनी दोन्ही व्हिडिओ मागितले. मंगळवारचा त्यांनी तीनदा ऐकला. टोपी सुनेने धुतली नाही. नात ती पुन्हा घालत नाही, आता तिला लहान होते.

मुलगा वाचला, तो आता फाटकावर माझ्या जागी बसतो. लंबू त्या बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी गेला. एकतीस वर्षांचा होता.