मेनूची दुसरी ओळ

आर्वीच्या शेतकरी कंपनीची वेबसाइट तासाभरात सभेत दाखवायची होती. अपेक्षाने ती मोबाइलवर, लॅपटॉपवर तपासली होती. पण अध्यक्ष रूपरावांच्या टॅबलेटवर मेनूच्या दोन ओळी झाल्या आणि खालची ओळ कापसाच्या भावावर चढली.

“पोरी, भाव कुठी गेला? लोक मले कच्चं खातीन!”

अपेक्षाने लॅपटॉपवर खिडकी हळूहळू अरुंद केली. मेनू ७६८ पिक्सेल रुंदीला तीन रेघांच्या चिन्हात मिटत होता, पण ८६० पासूनच दोन ओळींत मोडत होता. टॅबलेट ८०० चा, नेमका मधला. तिने चाचणी ‘होम’, ‘रेट’ अशा तोकड्या शब्दांवर केली होती. ‘आजचे बाजारभाव’ अशी लांब नावं नंतर आली.

तिने मेनू मिटण्याचे माप ७६८ चे ९०० केले. टॅबलेटवर तीन रेघा आल्या, खाली भाव.

“मेनूतली नावंच काऊन नाई कापली?”

“नावं बरोबर होती, काका. माप माझं चुकलं.”