डग्ग्यापुढचा मायक्रोफोन

जावई चुकतो, ही गोष्ट नुव्हेल फ्रांस गावातल्या मराठी घरांत कुणी कधी ऐकलीच नव्हती. त्यात चंद्रमोहन पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीतला, आणि स्वतःचा टेपरेकॉर्डर बाळगून असलेला. रेडिओनं गणेशचतुर्थीसाठी गावच्या भजनमंडळाकडे टेप मागितली, तेव्हा ती कोण करणार हे कुणाला विचारावंही लागलं नाही. रविवारी तो यंत्र घेऊन बसमधून उतरला, तर सासूबाई त्याला पिशवीसुद्धा उचलू देईनात.

मंडळात तबला वाजवायचे त्याचे सासरे, इंद्रदेव. जन्म उसाच्या शेतात गेलेला, बोलणं मोजकं. पण डग्ग्यावर हात पडला की पत्र्याच्या छपराखालची बैठक भरून जायची. तो हात गावाबाहेर कुणी ऐकला नव्हता. आता सगळं बेट ऐकणार होतं. त्यासाठी त्यांनी सकाळीच दाढी केली होती, जणू रेडिओतून ती दिसणार होती.

चंद्रमोहननं दोन मायक्रोफोन मांडले. दोन्हींच्या तारा एका छोट्या डबीत, डबीतून एक तार यंत्रात. जितकं जवळ तितकं चांगलं, अशी त्याची पक्की समजूत. म्हणून एक डग्ग्यापासून चार बोटांवर, दुसरा मंडळातल्या देवराजच्या पेटीच्या भात्याला जवळजवळ टेकलेला. एक भजन घेऊन टेप परत लावली, तर पेटीच्या सुरांत भाता धापा टाकत होता आणि डग्गा घुमला की जुनं लुगडं फाटावं तसा आवाज फाटत होता. त्यानं यंत्राचं आवाजाचं बटण मागे घेतलं. आवाज फार झाला की यंत्रावरचा हिरवा दिवा मिटून जायचा. तो आता मिटेना. तरी फाटका आवाज फाटकाच, फक्त लहान झालेला.

म्हणजे यंत्राचा दोष नाही, असं त्यानं ठरवलं. मग माणसाचाच असणार.

“मामा, तुमचा हात जड आहे,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “हे उसाचं रान नाही. जरा बोटांनी वाजवा.”

दोघंतिघं हसले. इंद्रदेवांनी डग्ग्यावर पंचा टाकला आणि पुन्हा वाजवलं, जपून, आजारी माणसाची पाठ चोळावी तसं. तरी मधेच एखादी घुमक फाटली. प्रत्येक वेळी ते जावयाकडे बघत आणि हात आणखी आवरून घेत.

शेवटी भगवतीबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चहा आणला. सगळे उठले. तेवढ्यात सुरुवातीचे दोन शब्द बोलून घ्यावेत म्हणून चंद्रमोहन तबल्याच्याच मायक्रोफोनला ओठ लावून मंडळाचं नाव बोलला, आणि ऐकायला बसला. त्याचा आवाज फाटला होता. अगदी डग्ग्यासारखा. हातभर मागे सरकून तेच बोलला, तर स्वच्छ.

त्यानं डबीकडे पाहिलं. इतक्या जवळून घेतलेला आवाज डबीत शिरतानाच चेंगरत होता. पुढची बटणं कितीही फिरवली तरी चेंगरलेलं सरळ होणार नव्हतं. म्हाताऱ्याच्या हाताचा यात काही संबंध नव्हता. लाज कशी असते ते त्याला त्या दुपारी कळलं.

त्यानं तबल्याचा मायक्रोफोन हातभर लांब, दोन्ही वाद्यांच्या मधोमध वर बसवला, तोंड जरा तबल्याकडे झुकवलेलं. पेटीचा मायक्रोफोन भात्याच्या वाऱ्यातून काढून देवराजच्या दुसऱ्या बाजूला, पट्ट्यांच्या वरच्या अंगाला, तबल्यापासून दूर नेला. मंडळी परत बसली तेव्हा त्यानं डग्ग्यावरचा पंचा स्वतः उचलला.

“मामा, चूक माझी होती. मायक्रोफोन जवळ लावला होता. तुमच्या हातात काही खोट नाही. मोकळं वाजवा.”

बैठकीत सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. देवराज म्हणाला, जावई शिकलेला, म्हणून मोठ्यांचा मान राखतो. इंद्रदेवही हसले.

“जावयबापू, तुमची कशी चूक व्हईल? माझाच हात रांगडा हाय. सा मेम, तेच खरं, दुसरं काय नाय. आता संभाळून वाजवतो.”

त्यानं पुन्हा सांगितलं, हात जोडले, शपथ घेतली. जितकं सांगे तितका तो सज्जन ठरे. वेळ टळत चालली होती. टेप उद्या सकाळी पोचवायची होती. शेवटी त्यानं यंत्र सुरू केलं.

मायक्रोफोन बरोबर जागी होते. आवाज कुठेही फाटला नाही. पेटी गोड आली, झांजा आल्या, गळे आले. डग्गा मात्र दूरच्या घरात कुणीतरी वाजवावा तसा. चंद्रमोहननं यंत्रापलीकडून हातानं खुणा केल्या, मोठं, मोठं. इंद्रदेवांनी मान हलवली आणि आणखी हळू वाजवलं.

टेप ऐकून सगळे खूश झाले. रेडिओवर ती लागली त्या दिवशी चंद्रमोहन सासरीच होता. इंद्रदेव रेडिओला कान लावून बसले होते. भजन संपलं तसे ते बायकोकडे वळले आणि अभिमानानं म्हणाले, “बघ, जावयबापूनं माझा हात सुधारला. इतकी वर्सं कुणी सांगितलंच नव्हतं.”

त्यानंतर मंडळात ते तसंच वाजवत राहिले.