उशी मोजल्याशिवाय पार्सल नाही

परत आलेल्या पार्सलांचा ढीग एवढा वाढला होता, की घरातल्या मांजरीनं त्याचा दुसरा मजलाच भाड्यानं घेतला होता. मापानुसार उशांचे अभ्रे शिवून ऑनलाइन विकणारी सूनबाई हातात कात्री धरून ढिगाकडे बघत होती. पैसे दारात द्यायचे म्हणून लोक खुशाल मागवायचे आणि कुरिअरवाला पोचला की म्हणायचे, "आम्ही नाही बुवा मागवलं!" जाण्यायेण्याचं भाडं मात्र हिच्या माथी.

"ताई, या महिन्यात परतीचं प्रमाण उतरलं नाही तर कंपनी तुमची कॅश ऑन डिलिव्हरी बंद करणार," कुरिअरवाल्यानं आजच बजावलं होतं. तिची बहुतेक गिऱ्हाइकं दारातच पैसे देणारी.

"आपणच बंद करू," नवरा म्हणाला. "कटकट मिटेल."

"दुकानही मिटेल! आजपासून फोन केल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. आणि फोन आई करतील."

सासूबाईंची चौकशी म्हणजे काय सांगावं! चुकून त्यांना फोन लागलेल्या एका माणसानं तीन पिढ्यांची माहिती देऊन वर माफी मागितली होती. त्यांनी चष्मा चढवला.

"उशी केवढी आहे तुमची? लिहिलेलं नको, मोजून सांगा. मी थांबते."

खऱ्या गिऱ्हाइकांनी कुरकुरत टेप शोधला. एकीची उशी लिहिल्यापेक्षा मोठीच निघाली. तिचा अभ्रा बसला नसता, परतच आला असता. खोट्यांची मात्र तारांबळ उडाली. एकानं तर चार फूट लांबी सांगितली.

"उशी आहे की होडी रे?" सासूबाई म्हणाल्या. पलीकडून फोन आपटला, इकडे ऑर्डर रद्द झाली.

मग आली एका लॉजची दांडगी ऑर्डर. नवऱ्याचे डोळे लकाकले. त्यानं कापडाचा तागा पसरलासुद्धा.

"मापं कसली विचारता? पाठवा, पैसे देतो," लॉजवाला गुरकावला.

सूनबाईनं फोन घेतला. बोलता बोलता तिनं जुन्या ऑर्डरींमध्ये तो पत्ता शोधला. नावं निराळी, नंबर निराळे, पण त्याच पत्त्यावरून कितीतरी पार्सलं परत आलेली.

"साहेब, कुरिअरचं भाडं आधी ऑनलाइन भरा, बिलातून वजा करीन. बाकीचे दारात द्या."

"विश्वास नाही का?"

"भाडं भरा, लगेच बसेल."

फोन बंद झाला. नवरा हळहळला, "खरा असता तर?"

"खरा असता तर निदान भांडला असता. गुंडाळा तो तागा."

महिनाअखेरीला कुरिअरवाला आला. ऑर्डरी घटल्या होत्या, पण परत येणारी पार्सलं त्याहून घटली होती. "सोय चालू राहणार, ताई," तो म्हणाला. "पण आज एवढीच पार्सलं?"

"थांब," सूनबाईनं शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगितलं. "आईंनी एका गिऱ्हाइकाला उशी मोजायला पाठवलंय."