कुडुमकुडुम

शिकवणी संस्थेच्या संचालकांना शेंगदाण्यांशिवाय मुलाखत घेता येत नसे. वाटी लॅपटॉपला अगदी चिकटून असायची. चावायचं, बोटं चाटायची आणि त्याच बोटांनी कीबोर्ड बडवायचा. शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाई तीन वर्षं मान वळवून ते सहन करत होत्या.

त्या सकाळी पडद्यावर ऑनलाइन शिकवायला इच्छुक असलेली एक मुलगी होती. तिच्या पाठीमागे खिडकी असल्यामुळे चेहरा काळाठिक्कर दिसत होता. प्रश्न विचारला की ती गोंधळून "काय म्हणालात?" असं विचारायची. चौथ्या वेळी संचालक हसले.

"ठोंबी आहे. लिहा, आत्मविश्वास नाही."

बाईंनी लिहायला पेन उचललं आणि त्या थबकल्या. हेच वाक्य त्यांनी या महिन्यात सात जणांच्या नावापुढे लिहिलं होतं. सगळेच कसे ठोंबे?

"आलेच," म्हणत त्या शेजारच्या खोलीत गेल्या. स्वतःच्या लॅपटॉपला इअरफोन लावून, माइक बंद ठेवून त्या त्याच मुलाखतीत शिरल्या.

कानात चिखल तुडवल्यासारखा आवाज घुसला. कुडुमकुडुम, मग चपचप, मग जीभ टाळ्याला लावून मारलेल्या मिटक्या. बोलणं थांबलं की संचालकांच्या लॅपटॉपचा माइक आपोआप आवाज वाढवत होता आणि जवळच्या त्या दाढा थेट कानात येत होत्या. मधेच "अपूर्णांक कसे" एवढंच ऐकू आलं. मुलगी बोलू लागताच संचालकांचं उरलेलं वाक्य तुटून गेलं. बाईंनी इअरफोन उपटून काढले.

परत येऊन त्यांनी वाटी उचलली आणि थेट कचऱ्याच्या डब्यात उपडी केली.

"अहो बाई!"

"तिला आपले प्रश्न नाही, तुमचं रवंथ ऐकू येतंय. मी ऐकून आले."

त्यांनी स्पीकर बंद करून माइकवाला हेडफोन स्वतः लावला. "बाळ, चूक आमची होती. तू तेवढी खिडकीकडे तोंड करून बस. आणि अपूर्णांकांचा भागाकार शिकव."

मुलगी वळून बसली. प्रथमच तिचे डोळे दिसले. अर्ध्या भाकरीत पाव भाकऱ्या किती मावतात, इथून सुरुवात करून तिने असं शिकवलं, की बाईंना स्वतःचा जुना धडा फिका वाटला.

"ठीक आहे, घ्या हिला," संचालक ओठ पुसत म्हणाले. "माझ्यामुळे काही बिघडलं, असं मात्र कुठे बोलू नका."

दुपारी बाईंनी सातही अर्ज काढले. सगळीकडे त्यांचंच सुबक अक्षर होतं. संचालकांची किळस आली होती, पण त्या अक्षराची जास्त आली.

पहिला फोन लागला. बाईंनी सगळं खरं सांगितलं आणि पुन्हा मुलाखतीला बोलावलं.

"तेव्हा वाटलं, माझेच कान गेले," पलीकडचा माणूस म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊन आलो मी." आणि त्याने फोन ठेवला.

बाईंनी दुसरा नंबर फिरवला.