सुट्टी टाळा

मी तापट आहे, हे मला सांगू नका. इव्हॉन, म्हणजे माझी बायको, ते लग्नापासून सांगतेय. पण मस्कतमध्ये सहा वर्षं कॉम्प्युटरवर काढल्यावर समोरच्याने 'हे कसं चालतं?' असं विचारलं की डोकं फिरतंच. मी मॅक्सिम तुस्कानो, वसईचा. इथल्या हमरिया भागातल्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत कॉम्प्युटरवाला. 'वाला' म्हणजे सगळंच. प्रिंटर अडकला तरी मीच.

आमच्याकडचा सर्व्हिसचा प्रोग्राम मात्र माझा नव्हता. डोंबिवलीच्या एका गृहस्थाने सुट्टीवर घरी गेला असताना तो तिथेच लिहून आणला, मार्चमध्ये चालू करून दिला आणि कॅनडाला निघून गेला. मेकॅनिक सर्व्हिस करून आला की ऑफिसातल्या साबेराभाभी त्या दिवसाची तारीख टाकायच्या. प्रोग्राम पुढच्या सर्व्हिसची तारीख काढायचा आणि कार्ड छापायचा. ते कार्ड ग्राहकाच्या हातात जायचं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी अकरा घरांत माणसं आमची वाट बघत बसली. शुक्रवारी! आमचे मेकॅनिक त्या दिवशी कपडे धुतात, बिर्याणी करतात आणि झोपतात. अकरापैकी एक घर अल हैलला होतं आणि तिथे आमच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, सासू राहते. बाईने पाहुण्यांना 'आज नको, एसीवाले येणार' म्हणून परत पाठवलं होतं. शनिवारी अर्बाब ऑफिसात आला तो कोणाला सलामसुद्धा न करता.

"प्रोग्राम चुकला की तारीख टाकणारी चुकली?" मॅनेजर इक्बालसाहेबांनी मला विचारलं.

मी कोड उघडला. पाच मिनिटं पाहिला. पाच म्हणजे तशी तीनच. आणि कागदावर लिहून दिलं: प्रोग्राम सुट्टी टाळतो, चूक तारीख टाकणाऱ्याची. खाली झोकदार सही ठोकली.

त्या सहीचा अर्थ काय, ते बुधवारी कळलं. इक्बालसाहेबांनी कच्चं पत्र टाइप करायला दिलं. ऑफिसात टाइपिंग करणारी एकच, साबेराभाभी. पत्र त्यांनाच कामावरून काढण्याचं होतं. चार वाजता सहीला हजर करायचं.

साबेराभाभी दापोलीकडच्या. नवरा जाफरभाई वादी अदाईच्या घरी बसलेला, त्याची कंपनी बंद पडलेली. घर भाभींच्या पगारावर, व्हिसाही आता भाभींच्याच नोकरीवर. मुलगी हिबा सातवीत. नोकरी गेली तर तिघांनाही सामान बांधायला लागणार होतं.

दुपारी एक ते चार ऑफिस बंद असतं. मी डबा उघडला तोच त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅक्सिमभाई, जायचंच तर जाईन. पण मी चुकले कुठे ते दाखवा. तुम्ही त्या प्रोग्रामात बघितलंत ना? मलाही बघायचंय."

"भाभी, तो कोड आहे. वर्तमानपत्र नाही."

"तुम्ही वाचून दाखवा. मी ऐकते."

आता आली का पंचाईत! पण त्यांचे डोळे रडून सुजलेले होते, नाही कसं म्हणणार? मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

mNext = mLast + 90
* sutti taala
IF DOW(mNext) = 1
   mNext = mNext + 1
ENDIF

"पहिली ओळ," मी मास्तरी आवाज काढला. "mLast म्हणजे तुम्ही टाकलेली तारीख. त्यात नव्वद दिवस मिळवले की mNext, पुढची तारीख. दुसरी ओळ वाचा, मराठीच आहे. सुट्टी टाळा. झालं! म्हणून म्हटलं, प्रोग्राम बरोबर आहे."

"ही पुढची चांदणी कसली?"

"चांदणी असली की ती ओळ माणसांसाठी. मशीन ती वाचत नाही, सोडून देतं."

"म्हणजे 'सुट्टी टाळा' हे मशीनला कुणी सांगितलंच नाही?"

"सांगितलंय हो, खालच्या ओळींत! IF म्हणजे जर. DOW म्हणजे त्या तारखेचा वार कुठला ते आकड्यात सांगणारं. रविवार एक, सोमवार दोन, असं करत शनिवार सात. तर, जर वार एक असेल, तर तारखेत अजून एक दिवस मिळवा. ENDIF, जर संपला. खलास."

भाभी बोटं मोजत होत्या. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. मी चपातीचा तुकडा मोडला.

"एक म्हणजे रविवार," त्या सावकाश म्हणाल्या. "रविवार आला तर पुढे ढकलायचा. का? रविवारी तर आपण कामावर येतो."

"अहो, सुट्टी नाही का!"

"कुठे?"

तुकडा हातातच राहिला. मी सहा वर्षं मस्कतमध्ये. रविवारची मिस्सासुद्धा मी शुक्रवारी ऐकतो, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून. आणि सुट्टी म्हटल्यावर डोक्यात वसईचाच रविवार! डोंबिवलीवाल्याने डोंबिवलीत बसून लिहिलं, त्याचं एक वेळ समजू शकतो. मी तर फक्त चांदणीची ओळ वाचली होती. मशीनही जी वाचत नाही, नेमकी तीच.

"शुक्रवार म्हणजे मग सहा," भाभी म्हणाल्या. "सहाला कुठे अडवलंय?"

कुठेच नव्हतं. मी घाईने अर्बाबच्या सासूकडच्या सर्व्हिसची तारीख टाकून बघितली: सहा मार्च, शनिवार. उत्तर आलं चार जून, शुक्रवार. नव्वद दिवस म्हणजे बारा आठवडे आणि वर सहा दिवस, म्हणजे वार एकाने मागे येतो. शनिवारी केलेली प्रत्येक सर्व्हिस शुक्रवारीच पडणार होती. पुढच्या शुक्रवारीही, त्याच्या पुढच्याही. भाभींनी अकराही जुने कागद काढले. सगळे सहा मार्चचे, आणि एकही तारीख चुकीची टाकलेली नव्हती.

मी एकच्या जागी सहा केला आणि पुन्हा चालवलं. पाच जून, शनिवार. एक आकडा! आणि त्याच्यापायी मी या बाईच्या पोराबाळासकट घरावर सही केली होती. लाज वाटली. खरंच वाटली, उगाच म्हणायचं म्हणून नाही.

चार वाजता मी स्वतःच इक्बालसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"प्रोग्राम लिहिणारा कॅनडात," ते म्हणाले. "अर्बाबला तर कुणाचं तरी नाव पाहिजे. आणि बरोबर आहे म्हणून सही तुझी आहे." थोडा विचार करून त्यांनी साबेराभाभींना हाक मारली. "ते पत्र आहे ना? त्यातलं नाव बदला. शेवटची ओळ मी सांगतो ती घाला."

अर्ध्या तासाने भाभींनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. माझी नजर कागदावर ठरेना.

"वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा होता की दया, कळलं नाही. खुर्ची ओढून त्या बसल्या आणि बोट ठेवून ओळ ओळ सांगू लागल्या.

"ही पहिली ओळ. तुमचं नाव. आधी इथे माझं होतं. ही दुसरी, 'आपल्या प्रामाणिक सेवेची कंपनीला कदर आहे.' ही चांदणीची ओळ, मॅक्सिमभाई. सोडून द्या. तिसरी, तुमच्या निष्काळजीपणामुळे अकरा ग्राहकांना त्रास झाला. ही आहे तशीच ठेवली, शब्दही बदलायला लागला नाही."

बोट खाली सरकलं.

"आणि ही शेवटची. 'यापुढे काळजी घ्यावी.'" त्यांनी बोट तिथेच ठेवलं. "माझ्या वेळी इथे मुंबईचं तिकीट होतं."